जपानी अक्षरांच्या पडद्याचं शिवणयंत्र

जपानच्या बाजारासाठी बनलेल्या काही शिवणयंत्रांच्या पडद्यावर भाषा बदलण्याची सोयच नसते. सेटिंगच्या पानांवर `English` सापडलं नाही, तर चित्रं आणि आकडे वाचायला शिकावं. तेवढ्यावर काम होतं.

टाका निवडला की त्याचं चित्र येतं आणि शेजारी दोन आकडे मिलिमीटरमध्ये दिसतात. एक टाक्याची लांबी, दुसरा नागमोडी टाक्याची रुंदी. साध्या सुती कापडाला अडीचची लांबी ठीक.

खरी गफलत दोऱ्याच्या ताणात होते. त्याचा आकडा बहुधा ० ते ९ असतो आणि मधला, म्हणजे चारच्या आसपासचा, नेहमीचा. दोन थरांच्या चिंधीवर वर एका रंगाचा आणि बॉबिनला दुसऱ्या रंगाचा दोरा घालून टीप मारावी. बॉबिनचा दोरा वर डोकावला, तर वरचा ताण जास्त आहे. आकडा एकेक उतरवावा. कापडाखाली मोठ्या गुंतवळ्या झाल्या, तर मात्र आकड्याला हात लावू नये. अशा वेळी बहुतेकदा वरचा दोरा ताणाच्या चकत्यांमध्ये बसलेलाच नसतो. फूट वर असताना चकत्या उघडतात, म्हणून फूट वर करूनच दोरा पुन्हा ओवावा.

यंत्र थांबून चित्र झळकलं, तर ते चित्रच पाहावं. फूट आणि खाली बाण असेल, तर फूट खाली करायचा. बॉबिन दिसली, तर खालचा दोरा तपासायचा.