भाव चढला की पुरवठा वक्र सरकतो का?

2019 मध्ये पावसाळा सरला तरी पाऊस थांबेना. महाराष्ट्रात खरिपाचा लाल कांदा शेतातच सडला आणि डिसेंबरात अनेक शहरांत किरकोळ भाव किलोला शंभर रुपयांच्या वर गेला. हा प्रसंग आकृतीत मांडताना पुष्कळांचा गोंधळ होतो, कारण यात दोन वेगळ्या गोष्टी घडतात.

चाळीत साठवलेला उन्हाळी कांदा भाव वाढला की शेतकरी जास्त बाहेर काढतो. इथे बदलला तो फक्त भाव, म्हणून आपण त्याच वक्रावर वर चढतो. पाठ्यपुस्तकात याला पुरवठ्याचा विस्तार म्हणतात. पावसाने पीक गेले, तर मात्र प्रत्येक भावाला येणारा माल घटतो. तेव्हा अख्खा वक्र डावीकडे सरकतो. हा पुरवठ्यातील ऱ्हास.

समजुतीसाठी काल्पनिक आकडे घेऊ. क्विंटलला 2000 रुपये भावाने बाजारात 8000 क्विंटल कांदा येतो आणि तेवढाच खपतो. पावसानंतर कोणत्याही भावाला आवक पूर्वीपेक्षा 4000 क्विंटलने कमी होते. जुन्या भावाला गिऱ्हाईक 8000 चे, माल 4000 चा. साहजिकच लिलावात बोली चढते. 3000 रुपयांवर मागणी 6000 पर्यंत उतरते आणि आवकही 6000 पर्यंत वाढते. तिथे बाजार स्थिरावतो.

म्हणजे वक्र सरकला 4000 ने, पण विक्री घटली 2000 नेच. उरलेले 2000 क्विंटल चढ्या भावाने बाहेर काढले; ती नव्या वक्रावरची चाल होती. जुन्या आणि नव्या समतोल बिंदूंमधले अंतर मोजून तेवढाच वक्र सरकवणे, ही पहिली चूक. सरकणे नेहमी एकच भाव धरून, आडव्या रेषेत मोजावे.

दुसरी चूक म्हणजे, भाव वाढला म्हणून पुरवठा वाढला, असे म्हणत वक्र पुन्हा उजवीकडे नेणे. भाव तर उभ्या अक्षावर आधीच आहे. त्याचा परिणाम वक्राच्या चढातच धरलेला असतो. याच न्यायाने लोक कांदा कमी घेऊ लागले म्हणून मागणी वक्रही हलवू नये. गिऱ्हाईक आपल्या जुन्याच वक्रावर वर सरकले आहे.

तिसरी चूक दिशेची. पुरवठा वाढला म्हणून काही जण वक्र वर उचलतात. वक्र चढता असल्याने वर उचललेला वक्र त्याच भावाला कमी माल दाखवतो, म्हणजे नेमके उलटे. वाढ उजवीकडे आणि घट डावीकडे दाखवावी.

आकृती काढण्याआधी एकच विचारावे: भाव होता तोच राहिला असता, तर विक्रेत्यांनी आणलेला माल बदलला असता का? बदलला असता, तर वक्र सरकवा; नसता, तर फक्त बिंदू हलवा.