एसीवरचा आळ

सातारा आणि सांगलीत मार्चपासून एसी सुरू झाले की महिन्याभरात कॅलेथियाच्या पानांच्या कडा तपकिरी होऊ लागतात आणि मेडनहेअर फर्न झाडूसारखा वाळतो. दोष ठरलेलाच असतो: एसी हवेतला ओलावा ओढून घेतो. मुंबईत किंवा रत्नागिरीत हे विधान बऱ्यापैकी खरे आहे. कृष्णाकाठच्या कोरड्या उन्हाळ्यात मात्र ते बरेचसे चुकीचे आहे, आणि निदानच चुकल्यामुळे उपायही चुकतात. फवारणी होते, खड्यांचे ताट येते, ह्युमिडिफायर येतो, तरी झाड जायचे ते जाते. हे जरा हिशेबाने पाहायला हवे.

हवामानाच्या बातम्यांत आपण ऐकतो ती आर्द्रता टक्क्यांत असते. हवा जेवढी वाफ धरू शकते, तिच्या किती भाग वाफ तिच्यात आहे, हे त्या टक्केवारीतून कळते. पण हवा तापली की तिची वाफ धरण्याची ताकद झपाट्याने वाढते. एक घनमीटर हवा २५ अंशांना साधारण २३ ग्रॅम वाफ धरते, तर ३८ अंशांना सुमारे ४६ ग्रॅम, म्हणजे दुप्पट. पानाला टक्क्यांशी देणेघेणे नसते. हवेत आणखी किती वाफ मावू शकते, म्हणजेच हवेची तहान किती आहे, त्यावर पानातून पाणी किती वेगाने जाईल हे ठरते. आता समजा, सांगलीतली एप्रिलमधली दुपार आहे. तापमान ३८ अंश, आर्द्रता २० टक्के. अशा एक घनमीटर हवेत जेमतेम ९ ग्रॅम वाफ आहे आणि तिची तहान ३७ ग्रॅमची आहे. हीच हवा खोलीत कोंडून एसीने २५ अंशांवर आणली, तर आतली वाफ जवळपास तेवढीच राहते, पण आर्द्रता ४० टक्क्यांच्या वर जाते आणि तहान १३-१४ ग्रॅमवर उतरते. म्हणजे झाडाच्या दृष्टीने एसीच्या खोलीतली हवा बाहेरच्या मानाने निम्म्याहूनही कमी शोषक आहे.

कोकणात गणित वेगळे होते. तिथे ३३ अंश आणि ६५ टक्के आर्द्रता असेल, तर बाहेरच्या हवेत २३ ग्रॅम वाफ असते आणि तहान साडेबारा ग्रॅमच्या आसपास. एसीच्या थंड नळ्यांवर त्यातली निम्मी वाफ पाणी होऊन बाहेर वाहते, आणि आतल्या हवेची तहान बाहेरच्याइतकीच राहते. तिथल्या झाडाला गारव्याचा फायदा मिळत नाही, उलट समोरच्या झोताचा त्रास तेवढा होतो. घरातल्या झाडांविषयीचा सल्ला बहुधा अशा दमट शहरांतून आलेला असतो, आणि तो जसाच्या तसा सांगलीला लावला जातो. यातला फरक ज्याला स्वतः पाहायचा असेल, त्याने एसीच्या पाण्याच्या नळीखाली बाटली ठेवावी. एप्रिलच्या कोरड्या दिवसांत ती सावकाश भरते; जूनच्या पहिल्या पावसानंतर, एसी तितकाच वेळ चालूनही, तीच बाटली कितीतरी लवकर भरते. हवेत नसलेले पाणी एसी कुठून काढणार?

मग पाने जळतात ती का, हा रास्त प्रश्न आहे. पहिले कारण म्हणजे एसी बंद झाल्यानंतरचे तास. आपल्याकडे शयनगृहातला एसी बहुतेक रात्री चालतो आणि सकाळी बंद होतो. रात्री अंधारात पानांची छिद्रे बहुतांशी मिटलेली असतात, त्यामुळे त्या वेळी पाणी कमी जाते. खरी मागणी दिवसा असते, आणि नेमकी तेव्हा ती खोली बंद, पडदे ओढलेली आणि वरच्या स्लॅबने तापलेली असते. आतली हवा ३३ अंशांवर चढली की तीच ९ ग्रॅम वाफ २६ टक्के ठरते आणि तहान पुन्हा २६ ग्रॅमवर जाते. रात्रीची खोली झाडाला सोसते, दुपारची सोसत नाही. म्हणून अशी कुंडी सकाळी खोलीबाहेर काढून घरातल्या सर्वांत गार जागी ठेवणे हा पहिला उपाय आहे. उत्तरेकडची खिडकी, तळमजल्याची मधली खोली, जुन्या वाड्यातले माजघर किंवा उजेड येणारी न्हाणी, यांपैकी काहीही चालेल. वरच्या मजल्यावर गच्चीखालची खोली मात्र दिवसा अजिबात नको.

दुसरे कारण झोत. पानाला चिकटून स्थिर, ओलसर हवेचा एक अगदी पातळ थर असतो आणि पाणी त्यातूनच हळूहळू बाहेर जाते. एसीचा झोत किंवा छताचा पंखा तो थर सतत पुसून टाकतो. फर्नची पाने पातळ असतात आणि त्यांच्यावरचे मेणाचे आवरण तोकडे असते, त्यामुळे छिद्रे मिटलेली असतानाही त्यांचे पाणी जात राहते. झोताचा मार ओळखायला सोपा आहे. ज्या बाजूची पाने एसीकडे आहेत तीच कुरकुरीत होतात, पाठीमागची हिरवी राहतात. कुंडीजवळ टिश्यू पेपरची पट्टी धरून पाहावी. ती हलली तर जागा बदलावी. पट्टी स्थिर राहील असा कोपरा बहुतेक खोल्यांत सापडतो, बहुधा एसी ज्या भिंतीवर आहे त्याच भिंतीलगत.

तिसरे कारण पाण्यात आहे, आणि सांगलीकरांनी ते सर्वांत आधी तपासावे असे मला वाटते. वाळवा-मिरज पट्ट्यात उसाला वर्षानुवर्षे दिलेल्या जादा पाण्याने क्षारपड झालेल्या जमिनी सर्वांना ठाऊक आहेत. कुंडीत त्याचीच छोटी आवृत्ती घडते. बोअरचे जड पाणी रोज थोडेथोडे घातले की पाणी उडून जाते आणि क्षार मागे राहतात. कॅलेथियाला ते सोसत नाहीत. क्षार पानाच्या टोकाशी साठतात आणि तपकिरी कड दिसते, ती कोरड्या हवेमुळे पडलेल्या कडेसारखीच. तरी फरक करता येतो. क्षारांचा त्रास जुन्या, खालच्या पानांच्या टोकांवर आधी दिसतो, सगळ्या बाजूंनी दिसतो, आणि मातीवर किंवा कुंडीच्या काठावर पांढरट थर चढलेला असतो. आरओ यंत्रातून वाया जाणारे पाणी झाडांना घालण्याची काटकसर इथे महागात पडते, कारण त्या पाण्यात क्षार अधिकच दाट असतात. उलट एसीच्या नळीतून ठिबकणारे पाणी जवळजवळ क्षारमुक्त असते. एसीची जाळी आणि नळी स्वच्छ असेल तर ते या झाडांना खुशाल घालावे; पिण्यासाठी नाही, शोभेच्या झाडांसाठी. साताऱ्यात पावसाचे पाणी साठवणे सोपे आहे, तेही उत्तम. महिन्या-दीड महिन्यातून एकदा कुंडीच्या आकारमानाच्या तीन-चार पट गोडे पाणी सावकाश ओतून खालून वाहू द्यावे, म्हणजे साठलेले क्षार धुऊन निघतात. नवी माती भरताना कोकोपीटही आधी धुऊन घ्यावे, कारण त्यातही मीठ असू शकते.

आता ह्युमिडिफायरवाले म्हणतील, हवेत वाफच कमी आहे ना, मग ती घालायला काय हरकत आहे? १० बाय १२ फुटांच्या, १० फूट उंचीच्या खोलीत साधारण ३४ घनमीटर हवा असते. २५ अंशांना तिची आर्द्रता ४२ वरून ६० टक्क्यांवर न्यायची तर जेमतेम १४० मिलिलिटर पाणी लागते, एक ग्लासही नाही. पण ६० टक्क्यांवर गेलेली हवा १७ अंशांखालच्या कुठल्याही पृष्ठभागावर दव सोडते, आणि चालू एसीच्या नळ्या त्याहून गार असतात. म्हणजे आपण घातलेले पाणी एसी गोळा करतो आणि नळीतून बाहेर सोडतो. यंत्र रात्रभर पाणी फेकते, दुसरे यंत्र ते काढते, आणि दोन्हींचे वीजबिल आपण भरतो. फवारणीचा परिणाम तर पान वाळेपर्यंतच टिकतो, वर कॅलेथियावर बुरशीचे ठिपके पडण्याचा धोका असतो. खड्यांच्या ताटाने ताटाच्या अगदी वरची हवा थोडीशीच ओलसर होते, आणि पंख्याखाली तेवढीही राहत नाही.

खोली ओलसर करायची नसते, झाडाभोवतीची चार घनफूट हवा करायची असते. लंडनचे डॉक्टर नॅथॅनियल वॉर्ड यांनी १८२९च्या सुमारास बंद बाटलीत एक नेचा आपोआप उगवलेला पाहिला. शहराच्या धुरकट हवेत त्यांचे उघड्यावरचे नेचे मरत होते, बाटलीतला जगला. त्यातून काचेच्या पेट्या निघाल्या आणि पुढे जहाजांवरून जगभर रोपे गेली. आपल्याकडे तेच काम माशांची जुनी काचटाकी किंवा काचेचे कपाट करते. आत भिजवलेले कोकोपीट किंवा शेवाळ, त्यावर कुंड्या, आणि झाकणाला बोटभर फट ठेवावी. काचेवर सकाळी पुसट दव यावे आणि दुपारपर्यंत जावे. दिवसभर राहिले तर फट वाढवावी, नाहीतर मुळे कुजतात. पेटीवर थेट ऊन पडता कामा नये, आत क्षणात भट्टी होते. मेडनहेअरसारखा नाजूक नेचा एसीच्या खोलीत उघड्यावर ठेवूच नये, त्याची जागा पेटीतच आहे. बर्ड्स नेस्ट फर्न आणि बोस्टन फर्न झोतापासून दूर उघड्यावर राहतात. कॅलेथियांत लांबट पानांची लॅन्सिफोलिया बऱ्यापैकी तग धरते. रुंद पानांची ऑर्बिफोलिया घ्यायची असेल तर पेटीची तयारी ठेवावी.

एक आक्षेप मात्र मान्य करायला हवा. हा सगळा हिशेब रात्री चालणाऱ्या, २४-२६ अंशांवर लावलेल्या एसीचा आहे. १८ अंशांवर लावलेला एसी कॅलेथियाला सोसत नाही. मूळची ब्राझीलकडच्या उष्ण जंगलातली ही झाडे गारठ्याने पाने मिटून बसतात. आणि नर्सरीतून नुकतेच आणलेले रोप काहीही केले तरी दोन-चार पाने टाकते. ते हिरव्या जाळीखाली, सतत तुषार असलेल्या हवेत वाढलेले असते. जुनी पाने त्या हवेची असतात. नवे पान घरातल्या हवेत उलगडते. म्हणून रोपाची पारख जुन्या पानांवरून करू नये, दोन महिन्यांनी आलेल्या नव्या पानावरून करावी.

पूर्ण वाळलेला नेचा टाकून देण्यापूर्वीही थांबावे. महाबळेश्वर-कोयनेच्या बाजूला दरडींवर पावसाळ्यात उगवणारा हंसराज हा मेडनहेअरचाच सख्खा भाऊ. कोरडा काळ आला की त्याची पाने जातात, जमिनीतले खोड जिवंत राहते आणि पहिल्या पावसाला पुन्हा फुटते. घरातला नेचा वाळला तर सगळी पाने मातीलगत कापावीत, माती ओलसर ठेवावी, चिखल करू नये, आणि कुंडी सावलीत ठेवावी. खोडाचा कंद दाबून पाहावा. तो टणक असेल तर तीन-चार आठवड्यांत गुंडाळलेले कोंब दिसतात. मऊ आणि काळा असेल तर झाड गेले.