साप्ताहिक अहवालाचा सारांश : काय झाले, काय रखडले, काय अडू शकते, काय ठरवायचे

बांधकाम सुरू असताना साइटवरून दर शनिवारी प्रगती अहवाल निघतो. त्यात रोजची मजुरांची संख्या, आलेल्या सिमेंटच्या गोण्या, सळईचे वजन, चाचण्यांचे आकडे, फोटो अशी दहा-बारा पाने असतात. साइट इंजिनिअरला ती सगळी लागतात. बांधकाम करून घेणाऱ्याला मात्र चारच गोष्टी हव्या असतात : काय पूर्ण झाले, काय ठरल्यापेक्षा मागे पडले, पुढे काय अडू शकते आणि कोणता निर्णय त्याच्याकडे अडकला आहे. सारांश लिहिताना पाने कमी करणे सोपे असते. अहवालातील प्रत्येक नोंद या चारांपैकी कोठे बसते, हे ठरवण्यात खरी मेहनत जाते.

एका शिक्षणसंस्थेच्या इमारतीचे कल्पित उदाहरण घेता येईल. तळमजला आणि वर एक मजला, ताबा 31 मे रोजी, कारण जूनमध्ये शाळा उघडते. काम करून घेणारी आहे संस्थेची बांधकाम समिती, आणि सारांश तिच्यासाठी प्रकल्प सल्लागार लिहितो. 10 जानेवारीच्या शनिवारचा अहवाल त्याच्यासमोर आहे.

पहिली नोंद गच्चीच्या स्लॅबची. सेंट्रिंग शंभर टक्के, सळई बांधणी साठ टक्के. ही प्रगती वाटते, पण समितीच्या दृष्टीने स्लॅब अजून झालेला नाही. तो गुरुवारी, 8 जानेवारीला भरायचा होता, आता मंगळवारी 13 तारखेला भरला जाईल. म्हणून ही नोंद विलंबात जाते. टक्केवारी फसवी असते. ऐंशी टक्क्यांवर आलेले काम तीन आठवडे तेथेच थांबू शकते. प्रगतीच्या रकान्यात पुरी झालेली, मोजता येणारी गोष्ट असावी. ‘काम प्रगतिपथावर आहे’ या वाक्यातून वाचणाऱ्याला काहीच कळत नाही.

दुसरी नोंद कुंपणभिंतीची. 60 मीटरपैकी 40 मीटर झाली, ठरले होते 30. ही प्रगती खरी आहे आणि ती तशीच लिहावी. तिच्या जोरावर ‘एकूण काम वेळेत’ असे लिहिण्याचा मोह मात्र टाळावा लागतो. कुंपण लवकर झाल्याने ताबा लवकर मिळत नाही. स्लॅब लांबला की टेकू काढणे लांबते, मग वरच्या मजल्याचे विटकाम, मग गिलावा. ताब्याची तारीख या साखळीवर अवलंबून आहे आणि कुंपण त्या साखळीबाहेरचे आहे.

त्यामुळे विलंबाच्या नोंदीत दिवसांच्या आकड्याबरोबर त्याचा परिणामही सांगावा लागतो. मूळ वेळापत्रकात ताब्यापूर्वी 9 दिवसांची सवड होती. स्लॅब 5 दिवस मागे पडला, म्हणजे ताब्याची तारीख आज बदललेली नाही, पण सवड 4 दिवसांवर आली. समितीला सर्वांत उपयोगी आकडा हाच आहे. तो दिला नाही, तर पाच दिवस एखाद्याला क्षुल्लक वाटतील आणि दुसऱ्याला भयंकर.

कारण लिहिताना कसोटी लागते. पाच दिवसांपैकी तीन दिवस सळई उशिरा आली म्हणून गेले. उरलेले दोन गेले ते पंख्यांच्या आणि दिव्यांच्या जागांचा नकाशा समितीकडून उशिरा परत आल्यामुळे. विजेचे पाइप स्लॅब भरण्याआधीच टाकावे लागतात. जागा ठरल्याशिवाय वायरमनला पुढे जाता येत नाही. ग्राहकाचीच चूक कशी सांगावी म्हणून बरेच जण येथे ‘काही अपरिहार्य कारणांमुळे’ असे लिहितात. ते अप्रामाणिक आहे आणि घातकही, कारण पुढचा नकाशाही तसाच अडकेल. दोष न देता तारखा द्याव्यात : नकाशा 31 डिसेंबरला पाठवला, 5 जानेवारीला हवा होता, 7 जानेवारीला मिळाला.

तिसरी नोंद चाचणीची. पहिला स्लॅब 18 डिसेंबरला भरला, काँक्रीट एम 25 प्रतीचे. म्हणजे 28 दिवसांनी त्याच्या ठोकळ्यांनी दर चौरस मिलिमीटरला 25 न्यूटन दाब सोसणे अपेक्षित असते. सात दिवसांत साधारण दोन तृतीयांश, म्हणजे 16-17 पर्यंत ताकद येते. येथे आली 15.2. हा विलंब नाही आणि अपयशही नाही. पीपीसी सिमेंट आणि थंडी असली की सुरुवातीची ताकद सावकाश येते. पण 28 दिवसांचा निकाल 15 जानेवारीला येणार, आणि त्याआधी दोनच दिवस वरचा स्लॅब भरला जाणार. त्याच्या टेकूंचा भार याच पहिल्या स्लॅबवर येईल. म्हणून ही जोखीम. ती लिहिताना ‘काँक्रीटच्या दर्जाबाबत चिंता’ एवढेच सांगितले तर समिती घाबरते आणि करण्यासारखे काहीच हाती लागत नाही. काय होऊ शकते, केव्हा कळेल आणि तोवर काय केले आहे, हे सांगावे लागते : स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या सूचनेनुसार पहिल्या स्लॅबखालचे टेकू निकाल येईपर्यंत काढलेले नाहीत. हा प्रश्न समितीसमोर निर्णयासाठी ठेवू नये. टेकू ठेवायचे की काढायचे, हे विश्वस्तांनी मतदानाने ठरवण्याचे काम नव्हे.

समितीचा खरा निर्णय चौथ्या नोंदीत दडलेला असतो, आणि मूळ अहवालात तो बहुधा नवव्या पानावर सापडतो : ‘खिडक्यांचे नमुने दाखवले, उत्तर अपेक्षित.’ उत्तर केव्हापर्यंत हवे, हे उलट मोजून काढावे लागते. चौकटी 9 मार्चपासून बसवायच्या आहेत. बनवायला पाच आठवडे लागतात, म्हणजे काम 2 फेब्रुवारीला सुरू व्हायला हवे. ऑर्डर आणि आगाऊ रकमेला एक आठवडा धरला की 26 जानेवारी येते, ती सुट्टी. म्हणून शेवटचा उपयोगी दिवस शनिवार, 24 जानेवारी. समितीची बैठक 18 तारखेच्या रविवारी आहे, त्यानंतरची फेब्रुवारीत. मग सारांशात प्रश्न असा येतो :

‘खिडक्यांसाठी नमुना अ की ब, हे 18 जानेवारीच्या बैठकीत ठरावे. ब 1,40,000 रुपयांनी महाग आहे, पण त्याची सरकती झडप जाड आहे. वर्गखोल्यांसाठी आमची शिफारस ब. 24 जानेवारीनंतर उत्तर आल्यास जितके दिवस उशीर, तितके दिवस चौकटी आणि त्यामागचा बाहेरचा गिलावा पुढे जाईल. सवड 4 दिवसांचीच आहे.’

कागदावर हा भाग सर्वांत वर ठेवणे चांगले. प्रगतीने सुरुवात करायची पद्धत आहे, पण विश्वस्त सारांश बैठकीला जाता जाता वाचतात, आणि त्यांच्याकडून काही हवे असेल तर ते पहिल्या पाच ओळींत असले पाहिजे.

पुढच्या शनिवारी सारांश नव्याने लिहिण्याऐवजी मागचा समोर ठेवून प्रत्येक नोंद कोठे सरकली ते पाहावे. 13 तारखेला स्लॅब भरला, तर तो विलंबातून प्रगतीत येतो, मात्र ‘5 दिवस उशिरा’ हे शब्द त्याच्यासोबत राहतात. चाचणीचा निकाल मानकात बसला, तर जोखीम निकालासह एकदा नोंदवून काढून टाकायची. न बसल्यास पुढील तपासणीला लागणारे दिवस विलंबात धरायचे. खिडक्यांचा प्रश्न बैठकीपर्यंत निर्णयातच राहतो, पण त्याच्यापुढे ‘प्रथम विचारले : 10 जानेवारी’ ही तारीख कायम असते. बैठकीत तो राहून गेला, तर 24 जानेवारीच्या सारांशात तो दोन ठिकाणी दिसेल : वर निर्णय म्हणून आणि खाली, उरलेल्या चार दिवसांच्या सवडीशेजारी, जोखीम म्हणून.