दहा मिनिटांत एक शोध: जोगलटेंभीच्या नाण्यांची गोष्ट व्हिडिओत कशी बसवायची

मागच्या महिन्यात दोन-तीन जणांनी एकच प्रश्न विचारला. आपल्या विषयावर दहा मिनिटांचा व्हिडिओ करायचा आहे, पण तो सेमिनारसारखा होतो, काय करू? माझाही पहिला व्हिडिओ तसाच झाला होता. म्हणून आज नियम सांगत बसण्यापेक्षा नाशिकचंच एक उदाहरण घेऊ आणि ते मिनिटा-मिनिटाने लावून बघू.

गोष्ट अशी. १९०६ मध्ये नाशिकजवळच्या जोगलटेंभी गावात चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. तेरा हजारांहून जास्त नाणी, सगळी क्षत्रप राजा नहपानाची. त्यातल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारलेला होता.

माझा पहिला कट कसा सुरू झाला, ऐका. ‘नमस्कार, आज आपण सातवाहन काळाविषयी माहिती घेणार आहोत.’ मग सातवाहन कोण, क्षत्रप कोण, नकाशा, वंशावळ. नाणं पहिल्यांदा दिसलं ते अडीच मिनिटांनी. तोवर माझी मैत्रीण फोन बघायला लागली होती, आणि ती इतिहासातच एम.ए. आहे!

आता नवीन सुरुवात. पहिलं दृश्य थेट नाण्याचं, अगदी जवळून. एका राजाचा चेहरा, आणि त्याच्यावरच ठोकलेली चैत्याची खूण. आवाज: ‘या नाण्यावर दोन राजे आहेत. एक खाली, एक वर. वरच्याने खालच्याला हरवलं होतं, की त्याला नुसती ही नाणी मिळाली होती?’ संपलं. वीस-पंचवीस सेकंद. याला हुक म्हणतात, पण नुसतं दचकवणं म्हणजे हुक नव्हे. त्यात एक प्रश्न असावा लागतो आणि त्याच प्रश्नाचं उत्तर तुम्हाला शेवटी द्यायचं असतं. ‘हे रहस्य ऐकून थक्क व्हाल’ यात प्रश्नच नाही, त्यामुळे शेवटी द्यायलाही काही उरत नाही.

पुढचं दीड मिनिट साठ्याची माहिती. कुठे, कधी, किती. इथे रेंगाळू नका.

खरं काम दुसऱ्या ते साडेसातव्या मिनिटात आहे. ताण वाढवायचा म्हणजे पार्श्वसंगीत मोठं करायचं असं बऱ्याच जणांना वाटतं. संशोधनाच्या गोष्टीत ताण पुराव्यांच्या क्रमातून येतो. प्रत्येक पुराव्याने आधीच्या प्रश्नाला थोडं उत्तर द्यायचं आणि लगेच नवीन अडचण उभी करायची.

आपल्याकडे पुरावे पांडवलेणीत आहेत, शहरापासून हाकेच्या अंतरावर. आधी लेणं क्रमांक १० मध्ये जा. इथे नहपानाचा जावई उषवदात याचे लेख आहेत. त्याने भिक्षूंसाठी तीन हजार कार्षापण गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवी म्हणून ठेवले, आणि व्याजातून त्यांचा खर्च चालावा अशी सोय केली. दोन हजारांवर महिना एक टक्का, एक हजारावर पाऊण टक्का. हे आकडे व्हिडिओत ठेवाच. त्यांच्यामुळे उषवदात हा नुसतं नाव न राहता पैशाचा हिशोब करणारा माणूस होतो, आणि त्याचं पुढे काय झालं याची बघणाऱ्याला काळजी वाटते.

मग कॅमेरा लेणं क्रमांक ३ कडे. इथे गौतमीपुत्राच्या आईचा, गौतमी बलश्रीचा लेख आहे. त्यात म्हटलंय की तिच्या मुलाने क्षहरातांचा वंश निखळ संपवला. नहपान क्षहरातच. म्हणजे उत्तर मिळालं? बघणाऱ्याला क्षणभर तसं वाटू द्या, आणि मग त्याच्याच मनात येणारी शंका बोलून दाखवा. हा आईने केलेला गौरव आहे. तो कोरलाय नातू पुळुमावी याच्या राज्याच्या १९ व्या वर्षी. आणि त्यात वंशाचं नाव आहे, नहपानाचं नाही. उत्तर हातातून निसटलं. साधारण सहावं मिनिट.

आता त्याच लेण्यातला दुसरा, बराच रुक्ष लेख. गौतमीपुत्राच्या १८ व्या वर्षाचा, विजयी सैन्याच्या छावणीतून गोवर्धनच्या अमात्याला पाठवलेला हुकूम. अमुक गावातलं दोनशे निवर्तनं शेत भिक्षूंना द्यावं. आणि ते शेत आधी कोणाकडे होतं? उषवदाताकडे. इथे कुणी कुणाची स्तुती करत नाहीये, सरकारी कागद आहे, आणि जमीन हात बदलताना दिसते. माझ्या मते अख्ख्या व्हिडिओतली सगळ्यात जोरदार जागा हीच. दोन सेकंद काही बोलू नका.

क्रम बरोबर आहे की नाही हे तपासायची माझी एक साधी पद्धत आहे. दोन भागांची अदलाबदल करून बघा. काहीच बिघडलं नाही तर तिथे गोष्ट नाही, यादी आहे. इथे हुकूम आधी आणि बलश्रीचा लेख नंतर ठेवला तर शंकेला जागाच राहत नाही.

साडेसात ते नऊ, फळ. पुन्हा तेच पहिलं नाणं. आता बघणाऱ्याला तो छाप वेगळा दिसतो. उषवदाताची जमीन नव्या राजाने वाटली, आणि चलनातली हजारो नाणी न वितळवता त्यांच्यावर आपलं नाव ठोकलं. नऊ हजार नाण्यांवर छाप मारणं म्हणजे राज्यकारभाराने ठरवून केलेलं काम. म्हणजे हो, सत्ता हिसकावली गेली होती. पण याच श्वासात मर्यादाही सांगा. त्या वेळी नहपान स्वतः जिवंत होता का, लढाईत पडला का, हे नाणी सांगत नाहीत. राजा मेल्यानंतरही त्याची नाणी चालतातच. अशी मर्यादा शेवटी तळटीपेसारखी टाकली तर उत्तर परत घेतल्यासारखं वाटतं. उत्तराबरोबर आली तर ती उत्तराचाच भाग होते.

आता शेवटचं मिनिट. इथे मी दुसऱ्यांदा घोळ घातला होता. उरलेलं सगळं, म्हणजे ग्रीक अक्षरं, खरोष्ठी, चेहऱ्यांमधले फरक, शेवटी कोंबलं. यूट्यूब स्टुडिओमधला प्रेक्षक टिकल्याचा आलेख तिथे जिन्यावरून घसरल्यासारखा खाली आला. साहजिकच आहे, प्रश्न सुटला की माणूस उठतो. (हाच आलेख पहिल्या अर्ध्या मिनिटात कोसळला तर हुकमध्ये गडबड. मधेच एका जागी खचला तर तिथे बहुतेक तुम्ही व्याख्या सांगत असता.)

पुढचा व्हिडिओ बघायला कारण हवं, विनंती नको. ते याच पुराव्यातून निघालं पाहिजे. जुन्नरला नहपानाच्या अमात्याचा लेख आहे, वर्ष ४६. कुठल्या गणनेचं ४६? शक संवत धरला तर इ.स. १२४ येतं. काही अभ्यासक ही नहपानाच्या राज्याची वर्षं मानतात, मग सगळी गोष्ट मागे सरकते. तुम्ही आत्ता जे दहा मिनिटं पाहिलंत ते नेमकं कधी घडलं, यावरच वाद आहे. एवढं सांगायचं, त्या लेखातला आकडा दाखवायचा आणि थांबायचं. एंड स्क्रीन ५ ते २० सेकंदांचीच ठेवता येते, तेव्हा हे वाक्य बोलत असतानाच पुढच्या व्हिडिओची चौकट पडद्यावर येऊ द्या. ‘धन्यवाद, भेटूया’ म्हणून झाल्यावर आली तर ती बघायला कोणी उरलेलं नसतं.

लिहिताना एक हिशोब लक्षात ठेवा. मी मिनिटाला साधारण १२० शब्द बोलते, म्हणजे दहा मिनिटांना १२०० शब्द. माझा पहिला मसुदा २६०० चा होता. कापलेल्यातला कालगणनेचा भाग तसाच दुसऱ्या व्हिडिओत गेला. चेहऱ्यांचा भाग अजून वहीत पडून आहे, त्याचा प्रश्न मला सापडलेला नाही.