मिरचीचा तिखटपणा बीत की गाभ्यात?

उन्हाळा सुरू झाला की घरोघरी वाळवणाची गडबड सुरू होते. पापड, कुरडया झाल्या की वर्षाचे तिखट आणि सांडगी मिरची. याच दिवसांत माझ्या दवाखान्यात हातांची आग होते म्हणून येणाऱ्या भगिनींची संख्या वाढते. त्यातल्या बहुतेकींचे सांगणे एकच असते : "डॉक्टर, बियांना फारसा हात लावला नाही, तरी एवढी आग कशी?" या प्रश्नातच सगळी गोम आहे.

मिरचीचा तिखटपणा बीमध्ये असतो, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. वस्तुतः तो बीमध्ये तयार होत नाही. मिरची उभी चिरून पाहा. देठाच्या खाली एक पांढरट, स्पंजासारखा गाभा दिसेल. त्याच्यापासून निघालेल्या पांढऱ्या शिरा सालीला आतून चिकटून खाली उतरतात. बिया या गाभ्यालाच लागलेल्या असतात. कॅप्सेसिन नावाचा तिखट पदार्थ तयार होतो तो या गाभ्याच्या आणि शिरांच्या पेशींत. बी त्याला टेकलेली असते, म्हणून तिच्या अंगाला ते कॅप्सेसिन लागते, इतकेच. वाळलेल्या मिरचीत गाभा सुकून चुरतो, त्याची भुकटी बियांवर बसते आणि पोत्याच्या तळाशी साठलेल्या बियाही झोंबतात. यातूनच बी तिखट, हा समज पक्का झाला असावा.

खात्री करायची असेल तर ताज्या हिरव्या मिरचीचा टोकाकडचा तुकडा जिभेला लावून पाहा. तेथे गाभा नसतो किंवा अगदी थोडा असतो, म्हणून तो सौम्य लागतो. देठाजवळचा तुकडा मात्र लगेच झोंबतो. दुसरा पुरावा ढोबळी मिरचीचा. तिच्यात बियाही भरपूर आणि पांढरा गाभाही, पण तिचा गाभा कॅप्सेसिन तयारच करत नाही, म्हणून ती गोडसर लागते. याला एक अपवाद सांगायला हवा. ईशान्य भारतातल्या भूत जोलोकियासारख्या अतितिखट जातींत सालीच्या आतल्या बाजूसही कॅप्सेसिन तयार होते. तेथे गाभा काढून फारसा उपयोग होत नाही.

आता हातांकडे वळू. गेल्या उन्हाळ्यात एक तरुण गृहिणी माझ्याकडे आली. तिने तीन किलो मिरच्या सांडगी करण्यासाठी घेतल्या होत्या. नेहमीची जाड, कमी तिखट मिरची बाजारात मिळाली नाही, म्हणून जरा तिखट वाणाची घेतली. मिरची तिखट होऊ नये म्हणून प्रत्येक मिरचीला चीर देऊन तिने अंगठ्याने आतला भाग खरवडून काढला आणि मग मेथी, धने, हिंग, मीठ यांचा मसाला भरला. म्हणजे तीन किलो मिरच्यांचा नेमका सर्वांत तिखट भाग अंगठ्याच्या नखाखाली आणि बोटांवर चोळला गेला. काम चालू असताना तिला काही जाणवले नाही. तळहाताची कातडी जाड असते, तिच्यातून कॅप्सेसिन आत झिरपायला वेळ लागतो. दुपारी चुणचुण सुरू झाली. तिने नुसत्या पाण्याने हात धुतले, लिंबू चोळले. संध्याकाळी गरम पाण्याने आंघोळ केली आणि आग दुप्पट झाली. त्यातच दीड वर्षाच्या बाळाचे तोंड तिने हाताने पुसले. बाळ डोळे चोळत किंचाळू लागले, तेव्हा घाबरून दोघेही दवाखान्यात आली.

असे का झाले, ते पाहू. कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही. तेलात, तुपात व अल्कोहोलमध्ये विरघळते. नुसत्या पाण्याने ते फक्त पसरते. लिंबाचा रस म्हणजे शेवटी आंबट पाणीच. शिवाय बारीक चिरांना तो वेगळा झोंबतो. गरम पाण्याचे कारण अधिक रंजक आहे. आपल्या मज्जातंतूंच्या टोकांवर उष्णता ओळखणारे एक ग्राहक असते. साधारण ४३ अंश सेल्सिअसच्या पुढे तापमान गेले की ते 'भाजले' असा निरोप मेंदूला देते. कॅप्सेसिन नेमके हेच ग्राहक चेतवते. अमेरिकेतील डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने १९९७ साली हे दाखवून दिले आणि २०२१ च्या नोबेल पारितोषिकात या शोधाचा वाटा होता. कातडी खरोखर भाजलेली नसते, पण मेंदूला तसे वाटते. आधीच चेतवलेल्या या ग्राहकाला कोमट पाणीदेखील उकळते भासते.

बाळाचे डोळे मी स्वच्छ, साध्या पाण्याच्या संथ धारेने पंधरा मिनिटे धुतले. डोळ्यांत तेल, तूप, दूध असले काहीही घालू नये. थोड्या वेळाने बाळ शांत झाले. आईचे हात आधी कोरड्या कापडाने पुसून घेतले. मग वाटीभर गोडे तेल बोटांना, नखांच्या कडांना भरपूर चोळून जुन्या कापडाने पुसून काढले. असे दोनदा केले. त्यानंतर भांडी धुण्याच्या साबणाने व थंड पाण्याने हात धुतले, नखांखाली ब्रश फिरवला. तेल कॅप्सेसिन ओढून घेते आणि साबण ते तेल काढून नेतो. हा क्रम महत्त्वाचा आहे. तेल तसेच ठेवले, तर त्यात विरघळलेले तिखट हातावरच राहते. थंड पाण्यात हात बुडवल्याने लगेच बरे वाटते, पण हात बाहेर काढताच आग परत येते. तेलाचा आराम उशिरा येतो, मात्र टिकतो. तिची आग रात्रीतून ओसरली आणि दुसऱ्या दिवशी फक्त थोडी चुणचुण उरली. चुना, रॉकेल किंवा बर्फाचा खडा थेट कातडीवर लावू नये. यांनी मात्र कातडीला खरी इजा होते.

हे टाळणे अवघड नाही. औषधाच्या दुकानात मिळणारे रबरी हातमोजे वापरावेत. फार वेळ काम असेल तर मध्ये ते बदलावेत, कारण पातळ मोज्यांतून तिखट हळूहळू आत येते. मोजे नसतील तर प्लॅस्टिकची पिशवी हाताला बांधावी. मिरची देठाला धरून चीर द्यावी आणि गाभा बोटाने न काढता लहान चमच्याच्या दांड्याने देठाकडून खाली ओढावा. तिखटपणा कमी करायचा असेल तर बिया वेचत बसू नका. गाभा व शिरा निघाल्या की बहुतेक काम झाले. हातावर चिरा, खरूज किंवा इसब असेल तर हे काम दुसऱ्याकडे द्यावे.

काम झाल्यावर मोजे उलटे करून काढावेत, सुरी आणि पाटही साबणाने धुवावेत. हात स्वच्छ झाले की नाही, हे ओळखायची सोपी युक्ती म्हणजे बोटाचे टोक जिभेला लावून पाहणे. चुरचुरले तर तेल आणि साबण पुन्हा एकदा. तोपर्यंत डोळ्यांना, बाळाला हात लावू नये, संडासला जाऊ नये आणि अंगावर पाजणाऱ्या मातेने बाळाला घेऊ नये.

हातावर फोड आले, आग दुसऱ्या दिवशीही तितकीच राहिली किंवा डोळा धुतल्यानंतरही उघडवत नसेल, अंधूक दिसत असेल, तर मात्र घरगुती उपाय थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.