बफर किती आम्ल पेलतो?

बफर द्रावणात दुर्बल आम्ल आणि त्याचा क्षार एकत्र असतात. बाहेरून आम्ल आले की क्षाराचा आयन ते पकडतो, आम्लारी आली की दुर्बल आम्ल तिला उदासीन करते. त्यामुळे सामू फारसा हलत नाही. पण हे काम कुठवर चालेल, याला मर्यादा असते. एक लिटर द्रावणाचा सामू एकाने बदलायला किती मोल तीव्र आम्ल किंवा आम्लारी लागेल, त्या प्रमाणाला बफर क्षमता म्हणतात. ही राशी अमेरिकी जीवरसायनशास्त्रज्ञ डोनाल्ड व्हॅन स्लाइक यांनी १९२२ मध्ये गणिती रूपात मांडली.

ॲसिटिक आम्ल आणि सोडियम ॲसिटेट यांचा बफर घेऊ. या आम्लाचा पीकेए ४.७६ आहे. बफरचा सामू या सूत्राने निघतो:

pH = pKa + log([A⁻]/[HA])

एक लिटर पाण्यात दोन्ही घटक ०.१ मोल असतील तर गुणोत्तर एक, त्याचा लॉगरिदम शून्य आणि सामू ४.७६. आता त्यात ०.०१ मोल हायड्रोक्लोरिक आम्ल घातले. ॲसिटेट ०.०९ वर उतरते, ॲसिटिक आम्ल ०.११ वर चढते आणि सामू ४.६७ होतो. तेवढेच आम्ल एक लिटर शुद्ध पाण्यात घातले असते तर सामू ७ वरून थेट २ वर आला असता.

आता संहती कमी करू. दोन्ही घटक ०.०२ मोल घेतले तरी गुणोत्तर एकच राहते, म्हणून सुरुवातीचा सामूही ४.७६ च. मात्र तेच ०.०१ मोल आम्ल घातल्यावर निम्मे ॲसिटेट खर्च होते आणि सामू ४.२८ वर येतो. घटक ०.०१ मोल असते तर ॲसिटेट पूर्ण संपून सामू ३.२ च्या आसपास गेला असता. सामू गुणोत्तरावर ठरतो, क्षमता मात्र घटकांच्या एकूण संहतीच्या प्रमाणात वाढते. म्हणूनच पाणी घालून पातळ केलेला बफर सामूमापकावर जवळजवळ तसाच दिसतो आणि कामाच्या वेळी हात टेकतो. शंका असेल तर थोडा नमुना बाजूला काढून त्यात मोजून आम्ल घालावे आणि सामू किती उतरतो ते पाहावे.

तिसऱ्या खेपेला एकूण संहती पहिल्याइतकीच, म्हणजे ०.२ मोल ठेवू, पण एक भाग ॲसिटेटला दहा भाग ॲसिटिक आम्ल घेऊ. सामू ३.७६ होतो. ॲसिटेट जेमतेम ०.०१८ मोल आहे. ०.०१ मोल आम्ल आले की त्यातले अर्ध्याहून जास्त जाते आणि सामू ३.३९ वर घसरतो. पहिल्या बफरमध्ये ही घसरण ०.०९ होती, इथे ती ०.३७ आहे. सगळा फरक इथेच कळतो. सामू गुणोत्तराच्या लॉगरिदमवर चालतो, त्यामुळे एखादा घटक किती कमी झाला यापेक्षा त्याचा कितवा हिस्सा गेला हे महत्त्वाचे ठरते. जो घटक कमी असतो, त्याचा मोठा हिस्सा चटकन जातो. दोन्ही समान असले की कोणताच घटक तुटपुंजा नसतो, आणि घटक समान असणे म्हणजेच सामू पीकेएइतका असणे.

गणितात ही क्षमता दोन घटकांच्या अंशांच्या गुणाकाराच्या प्रमाणात येते. निम्मे-निम्मे असताना गुणाकार सर्वाधिक, म्हणजे एक चतुर्थांश असतो. सामू पीकेएपासून एकाने दूर गेला की क्षमता कमाल क्षमतेच्या एक तृतीयांशावर येते, दोनाने दूर गेला की सुमारे चार टक्के उरते. म्हणून पीकेएच्या दोन्ही बाजूंना एक-एक एवढाच पट्टा कामाचा मानतात. सामू ७ जवळ हवा असेल तर ॲसिटेटचे प्रमाण बदलत बसण्यात अर्थ नाही. ७.२ पीकेए असलेला फॉस्फेट घ्यावा. आम्लच येणार हे आधी माहीत असेल, तर क्षार थोडा जास्त ठेवणे शहाणपणाचे.

रक्त या नियमाला अपवाद वाटते. त्याचा सामू ७.४, तर त्यातील बायकार्बोनेट बफरचा पीकेए ६.१. बायकार्बोनेट लिटरमागे सुमारे २४ मिलिमोल आणि विरघळलेला कार्बन डायऑक्साइड १.२ मिलिमोल, म्हणजे वीसास एक असे गुणोत्तर. फक्त हाच बफर धरला आणि बंद बाटलीत त्याला लिटरमागे ५ मिलिमोल आम्ल दिले, तर सामू ६.६ पर्यंत कोसळेल. शरीरात मात्र तयार झालेला जादा कार्बन डायऑक्साइड फुप्फुसे बाहेर टाकतात. त्याचे प्रमाण १.२ वर टिकले तर सामू ७.३ वरच थांबतो. पीकेएपासून इतक्या दूर हा बफर टिकतो तो श्वासोच्छ्वासामुळे.