पांढऱ्या बुटावरचा पांढरा दोरा

माझ्या भाच्याने तीन विक्रेत्यांकडून आलेले फोटो मला पाठवले आणि विचारलं, "मामा, यातला खरा कोणता? फर्स्ट कॉपी तर नाही ना मारत कोणी?" बूट होता नायकीचा एअर फोर्स वन, पांढराशुभ्र, साइज यूके आठ. ब्रूस किलगोरने बास्केटबॉलसाठी घडवलेला हा बूट १९८२ साली बाजारात आला. त्याच्या नकलाही भरपूर होतात. त्यातल्या कित्येक चीनच्या फूच्येन प्रांतातल्या पुथ्येन शहरातून येतात. तिथले कारखाने आधी मोठ्या कंपन्यांसाठी कंत्राटी बूट शिवत होते, त्यामुळे यंत्रं आणि हात दोन्ही तयार होते.

तीन फोटोसंच शेजारी ठेवून लगेच बघायला बसलो नाही. आधी चौथा संच लागतो, अस्सल असल्याची खात्री असलेल्या बुटाचा. माझ्या एका मित्राने कंपनीच्या दुकानातून पावतीसह घेतलेला जोड होता. त्याच मॉडेलचा आणि त्याच साइजचा. साइजचा आग्रह एवढ्यासाठी की लहान-मोठ्या मापात पुढच्या टोकावरच्या भोकांची मांडणी आणि कातड्याच्या तुकड्यांची प्रमाणं थोडी बदलतात. मॉडेलचा आग्रह त्याहून जास्त. पुरुषांच्या पांढऱ्या जोडाचा कोड CW2288-111 आहे, बायकांच्या जोडाचा DD8959-100. दुरून दोन्ही सारखेच दिसतात, पण एकाला दुसऱ्याशी ताडून पाहिलं तर अस्सल बूटही खोटा ठरेल.

हा कोड जिभेच्या आत शिवलेल्या लेबलवर आणि खोक्याच्या चिठ्ठीवर असतो. दोन्हीकडे तो जुळला पाहिजे. मापंही आपसांत जुळली पाहिजेत: पुरुषांचा यूके ८ म्हणजे यूएस ९, युरोपचा ४२.५, आणि २७ सेंटिमीटर. कोड चुकलेला असेल तर गोष्ट तिथेच संपते. पण कोड बरोबर असणं हा अस्सलपणाचा पुरावा होत नाही, कारण लेबल छापणं हे नकलेतलं सगळ्यात सोपं काम आहे. पुष्कळ जण बारकोडला त्या जोडाचा स्वतःचा नंबर समजतात. तसं नसतं. एका मॉडेलच्या एका साइजच्या सगळ्या जोडांवर तोच बारकोड येतो.

लेबलनंतर नजर शिवणीकडे जाते आणि बहुतेकांची फसगत तिथेच होते. पांढऱ्या कातड्यावर पांढरा दोरा, त्यात मोबाइलचा फ्लॅश. टाके दिसतच नाहीत, नुसता उजेड दिसतो. म्हणून मी भाच्याला सांगितलं, तिघांनाही म्हण, फ्लॅश बंद करा, बूट खिडकीपाशी ठेवा, उजेड एका बाजूने येऊ द्या. तिरप्या उजेडात प्रत्येक टाक्याची बारीक सावली पडते आणि मग मोजता येतं. मोजायचं ते दोन ठरलेल्या खुणांच्या मध्ये, उदाहरणार्थ स्वूशच्या म्हणजे नायकीच्या त्या बाकदार खुणेच्या टोकापासून ती जिथे दुसऱ्या शिवणीखाली जाते तिथपर्यंत. टाक्यांची संख्या, कडेपासूनचं त्यांचं अंतर आणि वळणावर ते कसे वळतात, एवढं पाहायचं.

मात्र शिवणीवर मी फार भार टाकत नाही. तिच्यात माणसाचा हात असतो. हाच बूट व्हिएतनाम, इंडोनेशिया, चीन, भारत अशा वेगवेगळ्या ठिकाणी शिवला जातो. मित्राच्या खात्रीच्या जोडातच डाव्या आणि उजव्या स्वूशच्या टाक्यांत दोनाचा फरक निघाला, टाचेपाशी सुटलेला दोरा होता आणि गोंदाचा पिवळट ठिपकाही. गोंद दिसला की नकली असं ठासून सांगणारे लोक मला पटत नाहीत. एखादा टाका वाकडा असणं वेगळं आणि दोन्ही बुटांवर, सगळ्या शिवणींवर टाके लांब असणं वेगळं. दुसऱ्या गोष्टीचा अर्थ असा की शिलाई यंत्राची बांधणीच निराळी होती.

टाचेवर नायकीची अक्षरं भरतकामात असतात, खाली एअर हा शब्द. अक्षरांमधली फट नुसत्या डोळ्याने जोखू नये. मोबाइल अगदी जवळ धरून फोटो काढला की भिंगाजवळचा भाग फुगतो आणि कडेचा आक्रसतो. अस्सल बुटाची अक्षरंही मग असमान दिसतात. म्हणून विक्रेत्याला मीटरभर मागे उभं राहून, झूम करून, टाच सरळ समोर धरून फोटो काढायला सांगायचं. पडद्यावर पट्टी ठेवून मी आमच्या खात्रीच्या जोडाचा शब्द मोजला: रुंदी ४८ मिलिमीटर, के आणि ई यांच्यातली फट ४. म्हणजे बारावा हिस्सा. पहिल्या विक्रेत्याचा फोटो लहान होता, शब्द ३६ आणि फट ३. पुन्हा बारावा हिस्सा, तर जुळलं. दुसऱ्याकडे शब्द तेवढाच ३६, पण फट ५. ती दोन्ही बुटांवर तशीच होती. इथे पहिल्यांदा संशय आला.

तो पक्का केला तळव्याने. फोटोवरून पारख करताना माझा सगळ्यात जास्त भरवसा तळव्यावर असतो, आणि नेमका तोच फोटो विक्रेते देत नाहीत. वरचा भाग शिवला जातो, तळवा साच्यात ओतला जातो. शिवणाऱ्याचा हात जोडागणिक बदलतो, साचा बदलत नाही. एअर फोर्स वनच्या तळव्यावर पुढच्या टोकाला आणि टाचेला बारीक चांदण्या असतात, आणि चवड्याखाली एकात एक वर्तुळं, खेळाडूला त्या बिंदूवर गर्रकन वळता यावं म्हणून. बाजूने पाहिलं तर टाचेपाशी एअर ही उठावाची अक्षरं दिसतात. नकली साचा बहुधा खऱ्या बुटावरून उतरवलेला असतो आणि उतरवताना टोकं मरतात. दुसऱ्या विक्रेत्याच्या तळव्यावर चांदण्यांचे कोपरे बोथट होते, वर्तुळांच्या कडा भरून आल्यासारख्या दिसत होत्या आणि एअरच्या ए मधलं भोक जवळजवळ बुजलं होतं. चालून झिजलेल्या बुटातही कोपरे बोथट होतात, पण ते चवडा आणि टाच टेकते तिथेच. हा बूट नवा म्हणून विकला जात होता आणि बोथटपणा सगळीकडे सारखा होता. शिवाय बाजूची अक्षरं जमिनीवर घासतच नाहीत.

पहिल्या विक्रेत्याचे फोटो अस्सल जोडाचेच होते. तरीही मी त्याला नाही म्हणालो. टाचेच्या फोटोत खाली लाकडी फरशी होती, लेबलच्या फोटोत राखाडी गालिचा, आणि बुटाशेजारी आजची तारीख लिहिलेली चिठ्ठी ठेवून फोटो द्या म्हटल्यावर तो दोन दिवस गप्प राहिला. फोटो खरा असला तरी फोटोतला बूट त्याच्याकडे असेलच असं नाही.

तिसऱ्याने चिठ्ठीसह आठ फोटो अर्ध्या तासात पाठवले. डाव्या बुटाला गोंदाचा डाग, एका ठिकाणी टाका सुटलेला. चांदण्या मात्र सुईसारख्या टोकदार आणि अक्षरांचं प्रमाण जुळणारं. भाचा डागावर अडून बसला होता, मी तळव्याकडे बोट दाखवत होतो.

फोटोंना इथे मर्यादा येते. बूट हातात घेऊन तपासणाऱ्यांचंही चुकतं. पुनर्विक्रीतल्या स्टॉकएक्स या अमेरिकी मंचावरून घेतलेले, तिथे तपासून अस्सल ठरवलेले चार जोड नकली निघाल्याचा दावा नायकीने २०२२ साली न्यूयॉर्कच्या न्यायालयात केला होता. म्हणून पैसे आधी पाठवू नकोस, जाऊन बघ, असं भाच्याला सांगितलं. तो ठाण्याला गेला. आतलं सुखतळ उचलून खालची शिवण पाहिली, चांदण्यांवरून अंगठा फिरवला आणि तिथूनच फोन केला, "मामा, टोचतायत."